चर्च मोड म्हणजे नुसतं सप्तक नव्हे: सूर शेवटी कुठे विसावतो?

मागच्या व्याख्यानात आपण मेजर आणि मायनर या दोन सप्तकांपाशी थांबलो होतो. तेव्हा एक प्रश्न आला होता: युरोपात हे दोनच प्रकार होते, तर चर्चच्या जुन्या गायनात आठ मोड कुठून आले? आज त्या आठांपैकी एकाच घराकडे नीट पाहू. ते घर 'रे'चं, म्हणजे पाश्चात्त्य डी या स्वराचं. आपल्या हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर पांढरी दोन.

पेटी जवळ असेल तर पांढरी दोनला सा माना आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा. सा, रे, कोमल ग, म, प, शुद्ध ध, कोमल नी, सा. ऐकणारा लगेच म्हणेल, "हा तर काफी थाट!" स्वर तेच आहेत, हे खरं. यालाच पुढे डोरियन हे नाव रूढ झालं. आता मायनर वाजवा. तिथे ध कोमल होतो, आणि शेवटी सा वर येताना नी बहुधा शुद्ध लागतो. त्यासाठी काळी एक दाबावी लागते. म्हणजे दोन फरक झाले, ध आणि नी. यातला नीचा फरक जास्त महत्त्वाचा आहे, कारण चाल शेवटी कशी संपते ते त्यावर ठरतं.

शुद्ध नी आला कुठून?

शुद्ध नी सा पासून फक्त अर्ध्या स्वरावर असतो. तो लागला की कान सा ची वाट बघायला लागतो. मेजर-मायनरच्या संगीतात सुरांच्या खाली कॉर्ड चालतात, आणि प, शुद्ध नी, रे हा कॉर्ड आला की पुढे सा येणार हे जवळजवळ ठरलेलंच असतं. अनेक आवाज एकत्र गाऊ लागले तेव्हाच, म्हणजे मेजर-मायनरची पद्धत रुळण्याच्या कितीतरी आधी, गायक शेवटाजवळ हा नी चढवू लागले होते. लिहिलेला नसला तरी चढवत.

प्लेनचांटमध्ये मात्र सगळे मिळून एकच सूर गातात. खाली कॉर्ड नाही, त्यामुळे ओढ निर्माण करायची गरजही नाही. तिथे सूर कोमल नीवरून, पूर्ण एका स्वराच्या अंतराने, सा वर येतो, नाहीतर वरून रे घेऊन सावकाश खाली उतरतो. प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं 'दिएस इरे'. ते पहिल्या मोडमध्ये धरलं जातं. त्याची सुरुवात कोमल गच्या आसपास घुटमळत होते, सा पर्यंत उतरते, मंद्र कोमल नीला स्पर्श करून सा वर थांबते. त्या मंद्र नीच्या जागी शुद्ध नी लावून बघा. एकच स्वर बदलला, पण चालीचा काळच बदलतो. आठशे वर्षांपूर्वीची चाल एकदम अठराव्या शतकातली वाटायला लागते.

सप्तक एक, मोड दोन

आता खरी गंमत. या एकाच सप्तकावर चर्चने दोन मोड मानले, पहिला आणि दुसरा. दोन्हींचा शेवट सा वर. मग फरक कशात?

पहिला, सूर कुठे वावरतो. पहिल्या मोडची चाल साधारण सा पासून तार सा पर्यंत जाते. दुसऱ्याची चाल मंद्र पपासून मध्य पपर्यंत, म्हणजे सा मध्यावर ठेवून फिरते. दुसरा फरक, सूर कुठे टिकून राहतो. स्तोत्र म्हणताना बरेचसे शब्द एकाच स्वरावर म्हटले जातात. त्याला टेनर म्हणतात, आपण पठणाचा स्वर म्हणू. पहिल्या मोडमध्ये तो प आहे आणि स्तोत्राची सुरुवात कोमल ग, म, प अशी चढते. दुसऱ्यात तो कोमल ग आहे आणि सुरुवात मंद्र कोमल नी, सा, कोमल ग अशी होते.

म्हणून मोड हे नुसतं सप्तक नाही. न्यासाचा स्वर, पठणाचा स्वर, वावर आणि ठरावीक सुरावटी, हे सगळं मिळून मोड होतो. आपल्याकडे थाट सांगून राग कळत नाही, तसंच हे. मात्र तुलना इथेच थांबवा. पठणाचा स्वर म्हणजे वादी नव्हे. तो स्तोत्र म्हणण्याच्या गरजेतून आला आहे.

आणखी एक अडचण सांगतो. पहिल्या मोडमध्ये सूर पवरून फक्त एक पायरी वर जाऊन परत येत असेल, तर ध बहुतेक वेळा कोमल गातात, कारण कोमल ग आणि शुद्ध ध यांच्यातलं अंतर कानाला टोचतं. मग स्वर पाहून हे मायनरच वाटतं. अशा वेळी धकडे बघू नका, नीकडे बघा. नी कोमलच राहिला तर तुम्ही मोडमध्येच आहात.

लोकगीतात काय होतं?

आता इंग्लंडमध्ये जाऊ. 'स्कारबरो फेअर' अनेकांनी ऐकलं असेल, सायमन आणि गारफंकल यांच्या आवाजात. त्याच्या प्रचलित चालीत कोमल ग आहे, मध्यावर शुद्ध धचा स्पर्श आहे, आणि शेवट मंद्र कोमल नीवरून सा वर. डोरियनच. याला गिटारवर साथ करणारा नवशिका शेवटाला सवयीने शुद्ध नीचा कॉर्ड लावतो आणि गाणं बिघडतं. तिथे कोमल नीवरचा मेजर कॉर्ड वाजवून सा च्या मायनर कॉर्डवर आलं की चाल सुखाने बसते.

सेसिल शार्प यांनी 1903 पासून सॉमरसेटमध्ये अशी गाणी ऐकून लिहून घेतली आणि 1907 च्या पुस्तकात त्यांची मोडनुसार मांडणी केली. त्याच सुमारास पर्सी ग्रेंजर लिंकनशायरमध्ये फोनोग्राफ घेऊन फिरत होते. तेच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर त्यांना दिसलं की एकच गायक एकाच गाण्यात ग कधी कोमल, कधी शुद्ध, तर कधी मधेच कुठेतरी लावतो. नीचंही तसंच. 1908 मध्ये त्यांनी मांडलं की हे गायक वेगवेगळे मोड गात नाहीत. त्यांचं एकच सैलसर सप्तक आहे, ज्यात काही स्वर हलते आहेत.

श्रोत्यांचा प्रश्न: मग लोकगीताला डोरियन म्हणणं चूक का?

चूक नाही, पण ते नाव आपण बाहेरून दिलेलं आहे. चर्चचा गायक स्तोत्राला जोडायचा म्हणून मोड ठरवत असे. त्याला त्या नावाचं काम होतं. खेड्यातल्या गायकाला नव्हतं. शिवाय कित्येक चालींत ध लागतच नाही. मग ती डोरियन की कोमल धची एओलियन, हे ठरवताच येत नाही, आणि ठरवायचा हट्टही करू नये.

घरी एवढं करा: चाल ऐकताना आधी शेवटचा स्वर शोधा, मग त्याच्या खालचा स्वर अर्ध्यावर आहे की पूर्ण अंतरावर ते पाहा, आणि शेवटी चाल सर्वांत जास्त वेळ कुठे टिकते ते बघा. या क्रमाने गेलात तर मोडचं नाव आलं नाही तरी चालीचा स्वभाव कळेल. पुढच्या वेळी 'मी'चं घर घेऊ, म्हणजे पांढरी तीन. तिथे सा च्या वरचा रेच कोमल असतो, त्यामुळे शेवटाची कहाणी पूर्ण उलटी होते.