ऑफलाइन नकाशा (पदभ्रमण)

ऑफलाइन नकाशा म्हणजे मोबाइल नेटवर्क नसतानाही वापरता यावा म्हणून फोनमध्ये आधीच साठवून ठेवलेला नकाशा. फोनमधील जीपीएस ग्राहक उपग्रहांचे संदेश थेट ग्रहण करतो. त्यामुळे स्वतःचे स्थान कळण्यासाठी नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागते ते त्या स्थानाभोवतीचा नकाशा उतरवून घेण्यासाठी. हरिश्चंद्रगडाच्या खिरेश्वर–टोलार खिंड वाटेच्या उदाहरणावरून ही तयारी पुढे स्पष्ट केली आहे.

## टाइल आणि झूम पातळी

पडद्यावरील नकाशा चौकोनी तुकड्यांचा बनलेला असतो. या तुकड्यांना टाइल म्हणतात. चित्ररूप टाइल सहसा २५६ × २५६ पिक्सेलची असते. झूम पातळी एकाने वाढली की प्रत्येक टाइलच्या जागी चार टाइल येतात. हरिश्चंद्रगडाच्या अक्षांशावर १६व्या पातळीच्या एका टाइलमध्ये सुमारे ५७७ मीटर रुंदीचा प्रदेश मावतो. गडाभोवतीचा १२ × १२ किलोमीटरचा प्रदेश घेतल्यास १२ ते १६ या पातळ्यांसाठी सुमारे ६०० टाइल लागतात. त्यात १७वी पातळी मिळवल्यास आणखी सुमारे १,७५० आणि १८वी मिळवल्यास त्यावर सुमारे ७,००० टाइल वाढतात.

पातळी वाढवल्याने माहिती वाढतेच असे नाही. समोच्च रेषा बहुधा सुमारे ३० मीटर अंतरावरील उंचीच्या नोंदींवरून काढलेल्या असतात. त्यामुळे टोलार खिंडीनंतरच्या कातळटप्प्यासारखा लहान चढ कितीही मोठे करून पाहिले तरी नकाशावर उमटत नाही. पायवाटेसाठी १६वी पातळी सहसा पुरेशी ठरते.

ओपनस्ट्रीटमॅपच्या मुख्य टाइल सर्व्हरवरून मोठ्या प्रमाणात टाइल उतरवण्यास मनाई आहे. त्याऐवजी ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स यांसारख्या अ‍ॅपमधून संपूर्ण प्रदेशाची सदिश नकाशा-फाइल घेता येते. असा नकाशा फोनवरच रेखाटला जात असल्याने त्यात टाइल मोजण्याचा प्रश्न उरत नाही.

## वाटबिंदू

ज्या ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो, त्या ठिकाणी वाटबिंदू ठेवला जातो. या वाटेवर खिरेश्वर गाव, टोलार खिंड, कातळटप्प्याचा वरचा शेवट, पठारावरील फाटे, हरिश्चंद्रेश्वर मंदिर आणि कोकणकड्याची धार हे बिंदू उपयोगी पडतात. पठारावर वाटा फुटत असल्याने तेथे बिंदू जवळजवळ घ्यावे लागतात. कड्याचा बिंदू मात्र धारेवर न ठेवता तिच्या बराच आत ठेवतात, कारण उघड्या आकाशाखालीही फोनने दाखवलेले स्थान काही मीटरने चुकू शकते आणि उंच कातळाजवळ संदेश परावर्तित होऊन ही चूक वाढते.

वाटबिंदू सामान्यतः `.gpx` फाइलमध्ये साठवतात. गडाचे ढोबळ स्थान त्यात असे लिहिले जाते:

```
<wpt lat="19.39" lon="73.78">
  <name>हरिश्चंद्रगड</name>
</wpt>
```

हे आकडे दशांश अंशांत आहेत. तेच स्थान १९° २३′ २४″ उत्तर, ७३° ४६′ ४८″ पूर्व असेही लिहितात. ते दशांशात आणण्यासाठी कलांना ६० ने आणि विकलांना ३,६०० ने भागून अंशांत मिळवावे लागते. तसे न करता आकडे सलग जोडून १९.२३२४ आणि ७३.४६४८ असे भरल्यास बिंदू सुमारे ३७ किलोमीटर दूर, घाटाखाली मुरबाडच्या परिसरात पडतो. अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल झाल्यास तो नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जातो. ही दुसरी चूक लगेच लक्षात येते. पहिली मात्र बिंदू महाराष्ट्रातच दिसत असल्याने नजरेतून सुटू शकते. म्हणून लागोपाठच्या बिंदूंमधील अंतर मोजून ते वाटेच्या लांबीशी जुळते का, हे पाहिले जाते.

## पडताळणी

अलीकडे पाहिलेल्या टाइल फोन तात्पुरत्या जपून ठेवतो व नंतर पुसून टाकतो. त्यामुळे नेटवर्क बंद केल्यावर नकाशा दिसला म्हणजे तो कायमचा साठवला गेला आहे, असे ठरत नाही. अ‍ॅपमधील तात्पुरता साठा पुसून, फोन विमान मोडवर टाकून अ‍ॅप पुन्हा उघडतात आणि प्रत्येक वाटबिंदूवर सर्वांत मोठ्या लागणाऱ्या पातळीपर्यंत जातात. कोरा किंवा धूसर चौकोन दिसल्यास तेथील टाइल उतरलेली नाही असे समजावे.

पहिले स्थान मिळण्यास नेटवर्कविना अधिक वेळ लागतो, कारण उपग्रहांच्या कक्षांची माहिती फोनला उपग्रहांकडूनच घ्यावी लागते. त्यासाठी चढाई सुरू करण्यापूर्वी पायथ्याच्या मोकळ्या जागी फोन काही मिनिटे स्थिर ठेवतात. पुढे विमान मोड चालू ठेवल्यास नेटवर्क शोधण्यात खर्च होणारी बॅटरी वाचते. बहुतेक फोनमध्ये जीपीएस त्या स्थितीतही चालते.

## मर्यादा

साठवलेला नकाशा उतरवल्या दिवसाचाच राहतो. दरड कोसळून मोडलेली वाट किंवा आटलेले टाके त्यात कळत नाही. फोन बंद पडल्यास नकाशा व वाटबिंदू दोन्ही एकदमच हातचे जातात. त्यामुळे तीच फाइल गटातील दुसऱ्या फोनमध्येही ठेवतात आणि कागदी नकाशा व होकायंत्र सोबत घेतात.