बघा, पण हात लावू नका

मे महिना सरता सरता कर सल्लागाराच्या मोबाइलवर एक ओळखीचा पाऊस सुरू होतो. बँक स्टेटमेंटचे तिरके फोटो, ‘ही घ्या राहिलेली बिलं’ असा निरोप, ‘Final’, ‘Final2’ आणि ‘Final-new’ नावाच्या एक्सेलच्या तीन फाइली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या या पसाऱ्यातून एका अशिलाचं वर्ष जुळवायचं, तोवर दुसऱ्याचं सुरू होतं. दुकानदाराच्या बाजूनेही चित्र फार वेगळं नसतं. जूनमध्ये पाठवलेला कागद सल्लागार ऑगस्टमध्ये पुन्हा मागतात आणि तो मोबाइलमधून केव्हाच पुसला गेलेला असतो.

यावरचा उपाय बहुतेकांच्या हाताशी आहे. गूगल ड्राइव्हमध्ये वर्षाचं एक फोल्डर करायचं, कागद त्यात ठेवायचे आणि सल्लागाराला ते फक्त पाहण्याची मुभा द्यायची. ऐकायला सोपं असलं, तरी फोल्डरला नाव काय द्यावं इथपासूनच घोळ सुरू होतो.

उदाहरण म्हणून साताऱ्यातलं इलेक्ट्रिकल सामानाचं एक दुकान डोळ्यांसमोर आणू. मालक एकटा, जीएसटी नोंदणी आहे, हिशेब टॅलीत आहे. एक चालू खातं, एक बचत खातं, बँकेत काही मुदत ठेवी. त्याच्या फोल्डरवर नुसतं ‘2026-27’ लिहिलं, तर त्यात नेमक्या कोणत्या कमाईचे कागद आहेत? १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ हे आर्थिक वर्ष २०२५-२६. या वर्षाच्या कमाईचं विवरणपत्र भरलं जातं आकारणी वर्ष २०२६-२७ साठी, आणि ते जुन्या, म्हणजे १९६१च्या आयकर कायद्याखाली. मात्र १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला. त्यात ‘आकारणी वर्ष’ नाही, ‘कर वर्ष’ आहे, आणि पहिलं कर वर्ष २०२६-२७. म्हणजे एकच आकडा दोन वेगळ्या वर्षांच्या कमाईकडे बोट दाखवतो. चलन भरताना चुकीचं वर्ष निवडलं जाण्याचा अपघात पूर्वीही होत होता, आता त्याला आणखी वाव मिळाला आहे. म्हणून या संक्रमणात तरी फोल्डरच्या नावात दोन्ही वर्षं लिहावीत. दुकानदाराची मांडणी साधारण अशी दिसेल:

```
Hisheb_Dukan
  FY2024-25_AY2025-26
  FY2025-26_AY2026-27
    01_Bank
    02_Vikri_GST
    03_Kharedi
    04_Kharch
    05_Stock
    06_TDS_26AS_AIS
    07_Tax_Challan
    08_CA_kadun
```

पोटफोल्डरांना आधी आकडे दिले की ती दरवर्षी त्याच क्रमाने दिसतात. आतल्या फाइलींना महिन्याचं नाव न देता ‘2025-04’, ‘2025-05’ असं वर्ष-महिना द्यावं. ‘Apr’, ‘May’ असं लिहिलं, तर संगणक अक्षरांच्या क्रमाने लावतो आणि एप्रिलनंतर ऑगस्ट, मग डिसेंबर, मग फेब्रुवारी अशी रांग लागते. आकड्यांत मात्र ‘2025-04’ सगळ्यात वर आणि ‘2026-03’ सगळ्यात खाली येतं. म्हणजे आर्थिक वर्षाचा क्रम आपोआप लागतो आणि मधला एखादा महिना गहाळ असला की लगेच दिसतो. बायकोचा वेगळा व्यवसाय असेल, तर तिचं मूळ फोल्डरच वेगळं हवं. ज्याचा पॅन त्याचं फोल्डर.

खरी गफलत होते ती कोणता कागद कोणत्या वर्षात टाकायचा, इथे. कागदावरची किंवा पैसे भरल्याची तारीख पाहून फोल्डर ठरवण्याचा मोह होतो, पण पाहायचं असतं ते कागद कोणत्या काळाबद्दल आहे हे. मार्च २०२६चं GSTR-3B भरलं जातं एप्रिलमध्ये. तरी ते आणि त्याचं चलन २०२५-२६ मध्येच जातं. मार्चमध्ये आलेल्या मालाचं बिल मेमध्ये चुकतं केलं, तरी खरेदी मार्चचीच. उलट बाजूने, आदल्या वर्षाचा उरलेला आयकर दुकानदाराने सप्टेंबर २०२५ मध्ये भरला असेल, तर ते चलन २०२४-२५ च्या फोल्डरात हवं. ते चुकून २०२५-२६ मध्ये राहिलं, तर नव्या वर्षाचा आगाऊ कर भरला आहे, असा समज होऊ शकतो. सल्लागार ते २६एएसशी ताडून पाहतात, तेव्हा ही चूक सापडते, पण त्यासाठी दोन फोन आणि एक दिवस जातो.

फोल्डर १ एप्रिलला पूर्ण होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. बँकेने ठेवींच्या व्याजावर कापलेल्या कराचं शेवटच्या तिमाहीचं विवरण भरायची मुदत ३१ मे असते, आणि १६ए प्रमाणपत्र द्यायची १५ जून. त्यामुळे एप्रिलमध्ये उतरवून ठेवलेलं २६एएस अर्धवट निघण्याची शक्यता मोठी. जूनच्या उत्तरार्धात ते पुन्हा उतरवावं आणि नावात उतरवल्याची तारीख घालावी.

आता परवानगीकडे येऊ. ड्राइव्हमध्ये फोल्डर शेअर करताना तीन भूमिका दिसतात: Viewer, Commenter आणि Editor. सल्लागाराला Viewer पुरेशी आहे. Editor दिली, तर ती व्यक्ती फाइल हलवू शकते, नाव बदलू शकते, काढून टाकू शकते. सल्लागार तसं मुद्दाम करत नाहीत. पण त्यांच्या कार्यालयात सहायक बदलत असतात, एकाच पडद्यावर पाच अशिलांची फोल्डरं उघडी असतात आणि माऊसने ओढलेली फाइल भलत्या ठिकाणी जाऊन पडते. Viewer असल्यावर हा अपघात होऊच शकत नाही. फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या सगळ्या फाइलींना आणि पुढे टाकल्या जाणाऱ्या कागदांनाही लागू होते, त्यामुळे प्रत्येक वेळी नवं शेअर करावं लागत नाही. याच कारणाने ‘Hisheb_Dukan’ हे वरचं फोल्डर शेअर करू नये. ते केलं, की सगळी वर्षं उघडी पडतात. यंदाचं वर्ष आणि सुरुवातीच्या शिलका जुळवण्यासाठी मागचं, एवढी दोनच द्यावीत.

त्याच खिडकीत खाली General access असतं. तिथे Restricted हवं. घाईत अनेक जण ‘Anyone with the link’ निवडतात आणि दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. मग तो दुवा ज्याच्या ज्याच्याकडे पोहोचेल, त्याला पॅन, खाते क्रमांक आणि वर्षभराची उलाढाल दिसते. पडताळणी मिनिटभराची आहे. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत दुवा उघडून पाहावा. साइन-इन मागितलं तर ठीक, फोल्डर थेट उघडलं तर ते जगाला खुलं आहे.

‘फक्त पाहणे’ म्हणजे गुप्तता मात्र नव्हे. Viewer ला फाइल उतरवून घेता येते आणि ते हवंच, कारण सल्लागाराला बँकेचं एक्सेल आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं असतं. सेटिंगमध्ये डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करण्याची सोय आहे. पण ती वापरली, तर सल्लागाराला आकडे हाताने टिपत बसावं लागेल. शिवाय पडद्याचा फोटो काढायला कोण अडवतं? पुढे परवानगी काढून घेतली, तरी उतरवलेली प्रत परत येत नाही. ज्याच्यावर एवढाही विश्वास नाही, त्याच्याकडे विवरणपत्र द्यायलाच नको. म्हणून फोल्डरात काय ठेवायचं नाही हे आधी ठरवावं: नेट बँकिंगचे किंवा आयकर पोर्टलचे पासवर्ड लिहिलेली फाइल अजिबात नको. बँक स्टेटमेंटच्या पीडीएफचा पासवर्ड फोनवर सांगावा. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड तर लहान अक्षरांतला पॅन आणि जन्मतारीख असा असतो. शेजारीच पॅन कार्डाची प्रत ठेवली असेल, तर त्या कुलपाची किल्ली कुलपाजवळच टांगलेली आहे.

या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा धोका मात्र मालकाच्याच हातात आहे. साताऱ्याच्या दुकानाकडे परत जाऊ. ३१ मार्चचा शिल्लक माल मोजून मालकाने ‘05_Stock’ मध्ये यादी टाकली, बेरीज ६,४०,००० रुपये. सल्लागारांनी ती १२ जूनला उतरवून घेतली आणि नफा काढला. २० जूनला मालकाच्या लक्षात आलं, की आकड्यांची अदलाबदल झाली आहे, खरी बेरीज ६,०४,००० आहे. त्याने त्याच नावाची दुरुस्त फाइल पुन्हा टाकली. ड्राइव्हने विचारलं, जुनी बदलायची की दोन्ही ठेवायच्या. त्याने बदलली. फोल्डरात आता बरोबर आकडा होता, पण सल्लागारांच्या संगणकावर चुकीचा. अखेरचा साठा ३६,००० रुपयांनी जास्त, म्हणून नफाही ३६,००० रुपयांनी जास्त. आणि हाच साठा पुढच्या वर्षाचा सुरुवातीचा साठा होणार, म्हणजे चूक दोन वर्षं चालणार. Viewer ला आधीच्या आवृत्त्यांचा इतिहास दिसत नाही, तो फक्त Editor ला दिसतो. त्यामुळे बदल झाला आहे, हे सल्लागारांना कळायला वावच नव्हता.

म्हणून सल्लागारांना कळवल्यानंतर फोल्डरातली कोणतीही फाइल त्याच नावाने बदलू नये. दुरुस्ती ‘Stock_2026-03-31_v2’ अशा नव्या नावाने टाकावी, जुनी ‘Radd’ नावाच्या पोटफोल्डरात सरकवावी आणि काय बदललं ते एका ओळीच्या ईमेलने कळवावं. टॅलीतून ताळेबंद पुन्हा काढला, तरी हाच नियम.

राहिलं ‘08_CA_kadun’. सल्लागारांनी तयार केलेली कर-गणना, भरलेलं विवरणपत्र आणि पोचपावती त्यात यायची. Viewer ला फाइल टाकता येत नाही, म्हणून एवढ्या एका पोटफोल्डरावर त्यांना Editor करता येतं. वरच्या फोल्डरात Viewer राहूनही ते चालतं. मात्र साध्या गूगल खात्यात त्यांनी टाकलेली फाइल त्यांच्याच मालकीची राहते. उद्या त्यांनी खातं आवरलं, तर आपली पोचपावती गेली. त्यामुळे ती उतरवून स्वतःच्या खात्यातून पुन्हा टाकावी. सरळ मार्ग म्हणजे कागद ईमेलने मागवावेत आणि स्वतःच ठेवावेत.

विवरणपत्र भरून ३० दिवसांत ई-पडताळणी झाली, की अनेकांना काम संपल्यासारखं वाटतं आणि परवानगी काढून घेतली जाते. पण आयकर विभागाची कलम १४३(१)ची सूचना त्यानंतर येते, आणि ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरलं, ते संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत ती येऊ शकते. तिच्यात तफावत निघाली, तर सल्लागारांना हेच कागद पुन्हा लागतात. ती सूचना येईपर्यंत परवानगी राहू द्यावी. सल्लागार बदलला, तर मात्र त्याच दिवशी जुन्याचं नाव काढावं.

फोल्डर स्वतःकडे ठेवायचं ते आणखी बरंच पुढे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२५-२६ चं वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत भरायचं असल्याने, मुदत वाढली नाही तर या दुकानाचं ‘FY2025-26_AY2026-27’ किमान ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत पुसता येणार नाही. गूगलच्या मोफत खात्यातली १५ जीबी जागा फोटो आणि ईमेलने भरली, तर सफाई त्यांची करावी, या फोल्डराची नाही.