माणशी पंधरा हजार, पण कोर्स कुणाचा?

मागच्या भागावर एकाने विचारलं होतं, ट्रेनिंगचं बजेट माणशी वाटलं की झालं ना? नाही होत. समजा, इंजिनिअरिंगमध्ये 40 जण आहेत, अकाउंट्समध्ये 6. माणशी 15,000 धरले तर अकाउंट्सच्या वाट्याला वर्षाचे 90,000 येतात. पण बाहेरचा ट्रेनर बऱ्याचदा फी सांगतो ती अख्ख्या बॅचची. दोन दिवसांचे 1,20,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,41,600. सहा जण बसोत की वीस, बिल तेच. अकाउंट्सवाले तिथेच बाद!

म्हणून मी माणशी 9,000च विभागाकडे ठेवीन, ऑनलाइन कोर्स आणि परीक्षा फीसाठी. उरलेले 6,000 सामायिक खात्यात, 46 जणांचे झाले 2,76,000. त्यात एक बॅच आरामात बसते, दुसरीला मात्र 7,200 कमी पडतात. आता अकाउंट्सलाच विचारायचं, या जीएसटीचं इनपुट क्रेडिट आपल्याला मिळतं का? मिळत असेल तर बॅचचा खर्च 1,20,000च धरायचा. मग दोन्ही बॅच होतात, वर 36,000 उरतात. हे एप्रिलमध्येच विचारा हं, कारण न वापरलेलं बजेट बऱ्याच ठिकाणी 31 मार्चला बुडतं.