फरश्या मोजा, मग खोली घ्या

मागच्या दिवाळीत आई-बाबांना घेऊन महाबळेश्वरला गेलो होतो. बुकिंगच्या साइटवर खोली १९० चौरस फुटांची लिहिली होती आणि फोटोतही ऐसपैस दिसत होती. म्हणून एकच खोली घेतली आणि माझ्यासाठी जादा गादी सांगितली. रात्री ती गादी पलंगाच्या बाजूला मावेना. पायथ्याशी टाकली, तर बाथरूमची वाट अडली. गुडघेदुखी असलेल्या बाबांना रात्री दोनदा मला ओलांडून जावं लागलं. घरी आल्यावर तेच फोटो पुन्हा उघडले, तेव्हा लक्षात आलं की सगळं त्यांतच दिसत होतं.

गैरसमज : फोटोत मोठी दिसते, म्हणजे खोली मोठी आहे.

हॉटेलचे फोटो बहुधा वाइड अँगल लेन्सने, खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून काढतात. आपल्या मोबाइलमधलं ०.५ हे तेच. घरच्या बेडरूममध्ये एकदा ०.५ वर आणि एकदा १ वर फोटो काढून बघा. आपलीच खोली ओळखू येणार नाही. जवळची जमीन पसरते, समोरची भिंत दूर जाते. खूण अशी, की फोटोच्या कडेला आलेली उशी किंवा खुर्ची तिच्या जोडीदारापेक्षा लांबट दिसते.

पण लेन्स कितीही ताणली, तरी फरश्यांची संख्या बदलत नाही. म्हणून त्या मोजायच्या. आपल्याकडे २ फूट बाय २ फूट फरशी सर्रास असते आणि मोठा डबल बेड साधारण ६ फूट रुंद, साडेसहा फूट लांब. बेडच्या रुंदीला तीन फरश्या येत असतील, तर फरशी २ फुटांचीच. आमच्या त्या खोलीत बेडच्या दोन्ही बाजूंना एकेकच फरशी होती : २ अधिक ६ अधिक २, म्हणजे रुंदी १० फूट. पायथ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत दीड फरशी, म्हणजे ३ फूट, लांबी साडेनऊ. झाली ९५ चौरस फूट. उरलेले ९५ कुठे गेले? बाथरूम ३५, दारातला बोळ २० आणि बाल्कनी ४०. लिहिलेला आकडा खोटा नव्हता, फक्त त्यात सगळंच धरलं होतं. ३ फूट रुंद गादी २ फुटांच्या फटीत जाणार नाही आणि पायथ्याशी टाकली तर चालायला जागा उरणार नाही, हे घरबसल्या कळलं असतं.

फरशीऐवजी लाकडी पट्ट्या किंवा गालिचा असेल, तर समोरच्या भिंतीवरचा एसी बघा. स्प्लिट एसी ढोबळमानाने ३ फूट रुंद असतो. भिंत साडेतीन एसींएवढी असेल, तर ती दहा-साडेदहा फुटांची. अर्धा-एक फूट इकडेतिकडे होईल, पण गादी मावते की नाही एवढं नक्की समजतं.

गैरसमज : तीन साइटवर तेच फोटो आहेत, म्हणजे खात्रीचं आहे.

हॉटेल एकच फोटोसंच सगळीकडे देतं, त्यामुळे ती साक्ष एकाचीच. साइट ताडून बघायच्या त्या फरक शोधायला. एकीकडे ‘डिलक्स’ म्हणून दिलेला फोटो दुसरीकडे ‘सुपर डिलक्स’खाली दिसला, तर आपल्याला कोणती खोली मिळणार हे आधी विचारा. पडदा ओढलेलाच दिसत असेल, तर मागे खिडकी आहेच असं धरू नका. आणि पाहुण्यांनी गूगल मॅप्सवर टाकलेले फोटो बेडची पाठ, पडदा आणि फरशी जुळवून बघा, म्हणजे ते त्याच प्रकारच्या खोलीचे आहेत का ते कळतं.

गैरसमज : पांढरीशुभ्र चादर म्हणजे स्वच्छ खोली.

चादर फोटोपुरती बदलता येते, ओल नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्यामुळे तिथली खोली जोखायची ती जुलै-ऑगस्टमधल्या पाहुण्यांच्या फोटोंवरून. छताचा कोपरा, खिडकीखालची भिंत, पडद्याची खालची कड आणि बाथरूमच्या फरश्यांमधल्या रेघा मोठ्या करून बघा. पोपडे किंवा काळे ठिपके दिसले, तर दिवाळीत वरून रंग दिला असला तरी कुबट वास जात नाही. हॉटेलच्या वीस फोटोंत बाथरूमचा एकही नसेल, किंवा असला तरी नुसत्या बेसिनचा असेल, तर तेवढं कारण मला पुरतं. मी पुढचं हॉटेल बघतो.

पैसे भरण्याआधी हॉटेलला फोन करा. मिळणाऱ्याच प्रकारच्या खोलीचा, दारापासून बाथरूमपर्यंत चालत काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. आणि सोबत वयस्कर माणूस असेल, तर बेड आणि भिंत यांच्यामध्ये किती फरश्या आहेत, हेही विचारून घ्या.