वीज गेली म्हणून इन्सुलिन बर्फात ठेवू नका

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि तिथल्या कित्येक गावांत आठवडे उलटले तरी वीज आली नाही. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्याआधी एकच सल्ला कानावर येतो: 'फ्रीज बंद पडला की इन्सुलिन लगेच बर्फात घाला, नाहीतर वाया जाईल.' हा सल्ला घातक आहे, आणि तो देणारे बहुधा घरातलेच, काळजीपोटी बोलणारे असतात.

इन्सुलिनला उष्णतेपेक्षा गोठण्याचं भय जास्त. फ्रीझरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. बाटली त्याला टेकली की औषध गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी भरवशाचं राहत नाही. ते फेकायचंच. उलट, वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं 25 ते 30 अंशांत साधारण चार आठवडे टिकतात. नेमकी मुदत पाकिटातल्या कागदावर असते. न उघडलेल्या बाटल्यांबद्दल शंका असेल, तर 2023 चा कॉक्रेन आढावा सांगतो की मानवी इन्सुलिन 37 अंशांपर्यंत दोन महिने राहिलं तरी परिणामात लक्षणीय घट होत नाही.

समजा, घरात एक चालू पेन आणि दोन बंद बाटल्या आहेत. फ्रीजचं दार उघडू नका, सुमारे चार तास आतला गारवा टिकतो. नंतर तिन्ही वस्तू कोरड्या झिपच्या पिशवीत घालून लहान मडक्यात ठेवा. ते मोठ्या मडक्यात ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरा, वर ओलं फडकं टाका आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. बंद बाटल्यांवर बाहेर काढल्याची तारीख लिहा. विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात मडकं चांगलं गार होतं. कोकणातल्या दमट जूनमध्ये पाणी फारसं उडतच नाही, त्यामुळे फरक दोन-तीन अंशांचाच पडतो. पण तिथे तेवढा पुरतो.

नेहमी स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं किंवा दुधाळ इन्सुलिन हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते टोचू नका. मात्र दिसायला ठीक असूनही ते कमजोर झालेलं असू शकतं. आहार आणि डोस तोच असताना साखर चढत राहिली, तर नवी बाटली उघडा आणि डॉक्टरांना कळवा.

'पाणी वीस मिनिटं उकळायला हवं' हेही खोटं. खळखळून उकळी आली की पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; उगाच गॅस का जाळायचा? खरी अडचण पंपाची असते. वादळाचा इशारा मिळताच, वीज असतानाच टाकी, हंडे, बादल्या भरून घ्या. पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला निदान चार-पाच लिटर वेगळं झाकून ठेवा.

'मेणबत्तीशिवाय भागत नाही' हा तिसरा गैरसमज. वाऱ्यात, पडद्याजवळ ती आग लावते. चार्जिंगचे एलईडी बल्ब आधीच पूर्ण चार्ज करून ठेवा, एका वेळी एकच लावा. इन्व्हर्टर असेल तर पंखे बंद ठेवून फक्त दोन छोटे दिवे चालवा, बॅटरी कितीतरी जास्त पुरेल. आणि मडक्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर एक टॉर्च टांगून ठेवा, रात्रीचं इंजेक्शन अंधारात चाचपडत घेऊ नका.