उमेदवार अडखळतो तेव्हा मुलाखत घेणाऱ्यानं काय करावं

मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुतेकांना सर्वांत सोपा वाटतो: ‘तुमचं नाव सांगा.’ तोतरेपणा असलेल्या अनेकांना मात्र तोच सर्वांत अवघड जातो. एखादा शब्द अडणार अशी चाहूल लागली की ते ऐन वेळी दुसरा शब्द वापरतात, पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो. त्यामुळे उमेदवार नावाशीच थांबतो आणि समोरच्या तिघांपैकी एखादा मनात नोंद करून टाकतो, ‘आत्मविश्वास कमी.’

ही नोंद चुकीची ठरते, कारण तोतरेपणा घाबरण्यातून येत नाही. साधारण शंभरात एका प्रौढ व्यक्तीला तो असतो आणि पुरुषांमध्ये त्याचं प्रमाण स्त्रियांपेक्षा बरंच जास्त आहे. बहुधा तो लहानपणी, दोन ते पाच वर्षांच्या सुमारास सुरू होतो. त्यामागे बोलण्याच्या हालचाली जुळवून आणणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेतला फरक असतो आणि अनेक घरांत तो आनुवंशिक असतो. ताणामुळे तो वाढतो, पण ताण हे त्याचं मूळ नव्हे. एकट्यानं बोलताना किंवा सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना तीच व्यक्ती सहसा सलग बोलते. फोनवर, अनोळखी माणसांसमोर आणि वेळेचं बंधन असताना ती जास्त अडखळते. मुलाखतीत या गोष्टी एकत्र येतात. त्यामुळे त्या अर्ध्या तासात जे बोलणं ऐकू येतं, ते त्या माणसाचं रोजचं बोलणं असेलच असं नाही. अभिनेता हृतिक रोशन यांनी आपल्या तोतरेपणाबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. पडद्यावर संवाद म्हणताना तो प्रेक्षकांना जाणवत नाही.

एक मुलाखत डोळ्यांसमोर आणू. पुण्यातल्या एका मध्यम कंपनीला जीएसटीचं काम पाहणारा लेखापाल हवा आहे. प्रश्न येतो, ‘पुरवठादारानं बिल दिलं, पण त्याचं रिटर्न भरलं नाही. तुम्ही इनपुट क्रेडिटचं काय कराल?’ उमेदवाराला उत्तर पाठ आहे: बिल जीएसटीआर-२बीमध्ये दिसेपर्यंत क्रेडिट घ्यायचं नाही, अशा बिलांची वेगळी यादी ठेवायची आणि पुरवठादाराच्या मागे लागायचं. पण ‘क्रेडिट’मधला ‘क’ अडतो. ओठ उघडे, जबडा ताठ, नजर टेबलाकडे, आवाज नाही. मग तो वाट बदलतो आणि म्हणतो, ‘आपण भरलेला तो कर, जो वजा करून मिळतो, तो... आत्ता नाही घ्यायचा.’

इथे मुलाखत घेणाऱ्याची एकाच मिनिटात तीनदा फसगत होऊ शकते. शांतता ऐकून वाटतं, याला उत्तर येत नाही. नजर खाली गेली म्हणून वाटतं, हा काहीतरी लपवतोय. आणि आडवळणाचं वर्णन ऐकून वाटतं, याला साधी संज्ञाही माहीत नाही. खरं तर तिन्ही गोष्टी एकाच अडथळ्याच्या आहेत. विचार करणाऱ्या माणसाचा चेहरा सहसा सैल असतो आणि शब्द अडलेल्या माणसाच्या ओठांत, जबड्यात किंवा मानेत ताण दिसतो. ही खूण प्रत्येक वेळी पुरेशी नसते. शंका उरलीच तर कागद-पेन पुढे करावं आणि ‘याची नोंद कशी दिसेल, लिहून दाखवता का?’ असं विचारावं. असा कागद सर्वच उमेदवारांसाठी टेबलावर ठेवला, तर कुणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही.

शब्द अडलेला असताना करण्यासारखी गोष्ट एकच आहे, थांबणं. एरवी ऐकताना आपण जसं पाहतो तसंच पाहत राहावं. नजर फिरवू नये, टक लावूही नये. बहुतेक अडथळे सेकंद-दोन सेकंदांचे असतात, ऐकणाऱ्यालाच ते लांब वाटतात. वाक्य पुरं करून देण्याचा मोह आवरावा. अंदाज चुकला तर उमेदवाराला आधी तो खोडून काढावा लागतो आणि मग स्वतःचा शब्द पुन्हा पहिल्यापासून गाठावा लागतो. ‘घाबरू नका’, ‘श्वास घ्या’, ‘सावकाश बोला’ हे शब्द चांगल्या मनानं निघतात, पण त्यामुळे त्याचं लक्ष जीएसटीवरून जिभेवर जातं.

उमेदवारानं सुरुवातीलाच ‘मी अडखळतो, थोडा वेळ लागेल’ असं सांगितलं, तर ‘चालेल. आमच्याकडून काही वेगळं हवं असेल तर सांगा,’ एवढं उत्तर पुरेसं आहे. हे कधीपासून, उपचार घेतले का, घरात कुणाला आहे का, हे प्रश्न मुलाखतीतले नाहीत. त्यानं स्वतःहून विषय काढला नसेल, तर आपणही काढू नये.

बोलण्याच्या इतर अडचणींत वागणं थोडं बदलतं. पक्षाघातानंतर किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे उच्चार अस्पष्ट असतील, तर न कळताच मान डोलावणं सर्वांत वाईट. ‘शेवटचा भाग मला कळला नाही, पुन्हा सांगता का?’ असं सरळ विचारावं आणि जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवावं, म्हणजे त्याला सगळं पुन्हा सांगावं लागत नाही. स्वरयंत्र काढलेली व्यक्ती गळ्याला उपकरण लावून बोलत असेल, तर तिचा आवाज एकसुरी येतो. त्या सपाट सुरावरून तिला कामात रस नाही असं ठरवू नये.

खरी तयारी मात्र मुलाखतीच्या आधीची. बोलावण्याच्या पत्रात सर्वांनाच विचारावं, ‘मुलाखतीसाठी काही वेगळी सोय हवी आहे का?’ तीस मिनिटांच्या जागी पंचेचाळीस मिनिटं देणं, फोनवरची प्राथमिक फेरी ईमेलनं घेणं, गटचर्चेऐवजी लेखी उदाहरण सोडवायला देणं, या सोयींना फारसा खर्च येत नाही. काही कंपन्या कॅमेऱ्यासमोर साठ-नव्वद सेकंदांत उत्तर नोंदवायला सांगतात. तिथे उत्तर येत असूनही वेळ अडथळ्यातच संपून जाते.

कायद्याची बाजूही मालकांना माहीत हवी. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाजवी सोयीची कल्पना आहे: झेपणार नाही असा बोजा न पडता करता येतील असे आवश्यक बदल. प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करावं, असंही हा कायदा सांगतो आणि त्यात खासगी कंपन्याही येतात. वाचा आणि भाषा दिव्यांगता त्याच्या यादीत आहे. पण तिच्या व्याख्येत स्वरयंत्र काढणं आणि मेंदूच्या इजेनं भाषा हरवणं ही उदाहरणं दिली आहेत, तोतरेपणाचं नाव नाही. त्यामुळे तोतरेपणा असलेल्या अनेकांकडे दिव्यांगतेचं प्रमाणपत्र नसतं. जास्त वेळ देण्यासाठी कंपनीनं ते मागितलं, तर ज्याला गरज आहे तोच बाहेर राहतो. पंधरा मिनिटं वाढवून द्यायला प्रमाणपत्र लागत नाही.

शेवटी गुणपत्रक. ‘संवादकौशल्य: १० गुण’ या रकान्यात नेमकं काय मोजायचं, हे मुलाखतीआधी ठरवावं. लेखापालाच्या कामात ते असं असू शकेल: फरक कुठे पडला हे समोरच्याला समजेल असं सांगता येणं, पुरवठादाराला स्पष्ट ईमेल लिहिता येणं, न कळलेलं विचारता येणं. सलग बोलणं या यादीत नसेल, तर त्याचे गुण कापायचे नाहीत. दिवसभर ग्राहकांशी फोनवर बोलण्याचं काम असेल, तर प्रश्न रास्त आहे, पण उत्तर गृहीत धरू नये. ‘या कामात दिवसाला इतके फोन असतात, तुम्ही ते कसे हाताळाल?’ असं सर्व उमेदवारांना विचारावं. तोतरेपणा असलेले अनेकजण अशी कामं करतात आणि फोन उचलताच ‘मी थोडा अडखळतो’ असं सांगून पुढे बोलतात.

त्या लेखापालाला निकाल कळवायचा असेल, तर ईमेल करावा किंवा फोन चालेल का हे आधी विचारावं.