मधला टेकू खरंच हलत नाही का?

हातगणित आणि सॉफ्टवेअर जुळलं नाही की ऑफिसात पहिला संशय ज्युनिअरवर. एका ज्युनिअरने सीनिअरला लिहिलेली ही टिपण मात्र नीट वाचण्यासारखी आहे:

“सर, बीमचे दोन स्पॅन ५-५ मीटरचे, स्ववजनासह भार २० किलोन्यूटन प्रतिमीटर. सूत्राने मधल्या टेकूवर मोमेंट ६२.५ येतो, सॉफ्टवेअर ४६.८ दाखवतं. सूत्र टेकू अचल धरतं. आपल्या मॉडेलमध्ये मात्र तिथे खांब नाही, आडवा मुख्य बीम आहे आणि तो ३ मिलिमीटर वाकतो. आपला बीम २३० बाय ४५०, काँक्रीट एम २५. मधला टेकू मिलिमीटरभर खचला की तिथला मोमेंट सुमारे ५.२ ने उतरतो. टेकू अचल करून पुन्हा चालवलं, तर ६२.५ च आला.”

म्हणजे गणित दोन्हीकडे बरोबर, गृहीतक वेगळं. पण टेकूवरचा मोमेंट घटला म्हणून खूश होऊ नये. तोच भार स्पॅनकडे सरकतो आणि तिथला मोमेंट ३५.२ वरून ४१.३ होतो. नुसत्या सूत्रावर विसंबलो, तर खालच्या सळया कमी पडतील. शिवाय काँक्रीटला तडे गेले की जडपणा घटतो, त्यामुळे ४६.८ हाही अंदाजच.